एकही शब्द सारखा नसताना

सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेतील माहितीशास्त्राच्या एका नियतकालिकात स्कॉट डीअरवेस्टर, सुझन ड्युमेस, जॉर्ज फर्नस, थॉमस लँडाउअर आणि रिचर्ड हार्शमन या पाच संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात उदाहरणासाठी अवघी नऊ शीर्षके घेतली होती आणि त्यांवर एकच शोध चालवून दाखवला होता. शोधातला एकही शब्द ज्यांच्यात नाही अशी दोन शीर्षके त्या शोधाच्या उत्तरात वर आली, आणि ती खरोखरच त्या विषयाची होती. शब्द जुळवून नव्हे तर अर्थ जुळवून मजकूर शोधण्याची जी पद्धत आज 'एम्बेडिंग' या नावाने ओळखली जाते, तिच्या इतिहासात त्या नऊ शीर्षकांचे स्थान मध्यवर्ती आहे. त्या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा, दोन्ही त्या छोट्या उदाहरणात बीजरूपाने दिसतात.

शब्दांचे अवकाश

मजकुराकडे भूमितीच्या नजरेने पाहण्याची कल्पना १९९० पेक्षा बरीच जुनी आहे. जर्मनीत न्यूरेंबर्ग येथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले गेरार्ड सॉल्टन यांनी १९६० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात 'स्मार्ट' नावाची शोधप्रणाली उभारण्यास सुरुवात केली आणि १९६५ पासून कॉर्नेल विद्यापीठात ते काम पुढे नेले. त्यांची मांडणी अशी होती की संग्रहातील प्रत्येक वेगळ्या शब्दाला एक स्वतंत्र दिशा, म्हणजे एक 'मिती', द्यावी आणि प्रत्येक लेख त्या अवकाशातील एक बाण, म्हणजे 'सदिश', मानावा. एखादा शब्द लेखात जितक्या वेळा येईल तितका तो बाण त्या शब्दाच्या दिशेने झुकतो. वाचकाने विचारलेला शोधही असाच एक छोटा बाण असतो, आणि ज्या लेखाचा बाण त्याच्या सर्वांत जवळच्या दिशेने जातो तो लेख यादीत सर्वांत वर येतो.

ही जवळीक मोजण्यासाठी दोन बाणांमधील कोनाचे कोसाइन, म्हणजे शालेय भूमितीतील कोज्या, वापरले जाते. दोन्ही बाणांतील एकाच मितीवरील आकडे एकमेकांशी गुणावेत, सर्व गुणाकारांची बेरीज करावी आणि त्या बेरजेला दोन्ही बाणांच्या लांबींच्या गुणाकाराने भागावे, एवढाच तो हिशेब आहे. दिशा अगदी एक असेल तर उत्तर १ येते आणि बाण काटकोनात असतील तर ० येते. लांबीने भागण्याचे कारण व्यावहारिक आहे. दहा पानांच्या लेखात कोणताही शब्द अर्ध्या पानाच्या टिपणापेक्षा जास्त वेळा येणारच, आणि नुसती बेरीज घेतली तर लांब लेख केवळ लांब असल्यामुळे पुढे सरकतील. कोनामुळे लेखाचा विस्तार हिशेबातून वगळला जातो आणि त्याचा कल तेवढा उरतो.

या मांडणीत पुढे दोन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दाखवले की जो शब्द संग्रहातील थोड्याच लेखांत येतो तो ओळख पटवण्यासाठी अधिक उपयोगी असतो, म्हणून त्याला अधिक वजन द्यावे. याच विचाराच्या वाटेवर पुढे 'बीएम२५' हे गुणांकनाचे सूत्र घडले आणि ते आजही शब्दाधारित शोधाचा मानदंड मानले जाते. परंतु या सर्व सुधारणांनंतरही अवकाशाच्या मिती शब्दांच्याच राहिल्या. लाखभर शब्दांच्या संग्रहात प्रत्येक लेखाच्या बाणात लाखभर आकडे असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व शून्य असतात. अशा सदिशाला 'विरळ' सदिश म्हणतात. त्याचा दोष त्याच्या रचनेतच आहे: 'डॉक्टर' आणि 'वैद्य' या दोन शब्दांच्या दिशा एकमेकींशी काटकोनात आहेत, त्यामुळे एकात 'डॉक्टर' आणि दुसऱ्यात 'वैद्य' असलेल्या दोन वाक्यांतील जवळीक, बाकीचा एकही शब्द समान नसेल तर, पूर्ण शून्य येते.

दोन माणसांचा शब्द

हा दोष किती मोठा आहे याचे मोजमाप १९८० च्या दशकात झाले. फर्नस, लँडाउअर, ड्युमेस आणि लुई गोमेझ हे संशोधक टेलिफोन उद्योगाच्या प्रयोगशाळांत काम करत होते. प्रथम बेल लॅब्जमध्ये आणि १९८४ मध्ये बेल कंपनीचे विभाजन झाल्यावर न्यू जर्सीतील बेलकोअर या नव्या संस्थेत त्यांचे काम चालले. त्यांनी निरनिराळ्या गटांतील लोकांना मजकूर-संपादनातील क्रियांना, रोजच्या वस्तूंना, जाहिरातींतील विक्रीच्या सामानाला आणि पाककृतींना उत्स्फूर्तपणे नाव द्यायला सांगितले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार एकाच गोष्टीसाठी दोन माणसे आपण होऊन एकच शब्द निवडण्याची शक्यता पाचात एकाहूनही कमी होती.

याचा अर्थ असा की लेखकाने एका शब्दाने लिहिलेली गोष्ट वाचक बहुतेक वेळा दुसऱ्याच शब्दाने शोधतो. शब्दकोशातील समानार्थी शब्द जोडून ही दरी थोडी भरून निघते, पण एका शब्दाचे अनेक अर्थ असल्याने असा विस्तार भलत्याच लेखांनाही आत ओढतो. बेलकोअरच्या संशोधकांना म्हणूनच कोणीही हाताने न बनवलेली, संग्रहातूनच आपोआप उमटणारी अर्थाची मांडणी हवी होती. त्यांच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९८८ मध्ये अर्ज झाला आणि १९९० च्या लेखात तिचे सविस्तर विवेचन आले. 'लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग', म्हणजे सुप्त अर्थावर आधारित सूची, हे तिचे नाव.

नऊ शीर्षकांचा प्रयोग

लेखातील नऊ शीर्षके तांत्रिक टिपणांची होती. पहिली पाच माणूस आणि संगणक यांच्यातील देवघेवीविषयी होती आणि उरलेली चार आलेख व वृक्ष या गणिती रचनांविषयी. एकाहून अधिक शीर्षकांत आलेले बारा शब्द सूचीसाठी घेतले: ह्यूमन, इंटरफेस, कॉम्प्युटर, युजर, सिस्टिम, रिस्पॉन्स, टाइम, ईपीएस, सर्व्हे, ट्रीज, ग्राफ आणि मायनर्स. त्यामुळे बारा ओळी आणि नऊ स्तंभ असलेला एक तक्ता तयार झाला, ज्यात कोणता शब्द कोणत्या शीर्षकात किती वेळा आला याची नोंद होती. शोध होता 'ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन'. यातील तिसरा शब्द सूचीत नसल्याने शोधाच्या बाणात ह्यूमन आणि कॉम्प्युटर या दोनच मितींवर १ हा आकडा उरला.

जुन्या पद्धतीने हिशेब केला तर पहिल्या शीर्षकात ह्यूमन, इंटरफेस आणि कॉम्प्युटर हे तीन शब्द आहेत आणि शोधाशी दोन समान आहेत. म्हणून २ ला, २ च्या वर्गमुळाने गुणलेल्या ३ च्या वर्गमुळाने भागून कोसाइन ०.८२ येते. दुसऱ्या शीर्षकात सूचीतील सहा शब्द आहेत आणि त्यांपैकी फक्त कॉम्प्युटर समान आहे, म्हणून त्याचे कोसाइन ०.२९ भरते. चौथ्यात सिस्टिम दोनदा, ह्यूमन एकदा आणि ईपीएस एकदा आहे, त्याचेही कोसाइन ०.२९ च येते. तिसऱ्या शीर्षकात ईपीएस, युजर, इंटरफेस आणि सिस्टिम हे शब्द आहेत, तर पाचव्यात युजर, रिस्पॉन्स आणि टाइम. या दोहोंत शोधातला एकही शब्द नाही, म्हणून त्यांचे कोसाइन शून्य. गणिताच्या चारही शीर्षकांचे कोसाइनही शून्यच. म्हणजे वापरकर्त्याच्या इंटरफेसविषयीचे टिपण आणि वृक्षांच्या गणिताविषयीचे टिपण हे या यंत्राच्या दृष्टीने शोधापासून सारखेच दूर होते.

येथे संशोधकांनी रेषीय बीजगणितातील 'सिंग्युलर व्हॅल्यू डीकॉम्पोझिशन' ही क्रिया वापरली. तिचे काम सोप्या भाषेत असे सांगता येते की ती तक्त्यातील आकडे ज्या दिशांनी सर्वांत जास्त एकत्र बदलतात त्या दिशा महत्त्वाच्या क्रमाने शोधून काढते. संशोधकांनी त्यांतील पहिल्या दोनच दिशा ठेवल्या आणि बाकीच्या सोडून दिल्या. बारा मितींचे अवकाश असे दोन मितींत दाबले गेल्यामुळे प्रत्येक शब्दाला आपली स्वतंत्र दिशा ठेवणे अशक्य झाले, आणि जे शब्द एकमेकांच्या सहवासात येत होते त्यांना एकमेकांच्या जवळ बसावे लागले. पुढच्या सर्व इतिहासाची किल्ली या सक्तीच्या दाटीत आहे. जागा कमी असल्यामुळेच समान वागणुकीच्या शब्दांना समान जागा मिळते.

शोधाचा बाण त्याच दोन मितींत आणून पुन्हा कोन मोजले तेव्हा चित्र बदलले. संगणकविषयक पाचही शीर्षकांचे कोसाइन ०.९ च्या वर गेले आणि गणिताची चारही शून्याच्या आसपास, किंबहुना काही किंचित खाली, राहिली. लेखातील तक्त्यावरून हिशेब केला तर तिसऱ्या शीर्षकाचे कोसाइन १ च्या अगदी जवळ आणि पाचव्याचे सुमारे ०.९० भरते. हे घडले कसे, याचा माग शब्दाशब्दाने काढता येतो. तिसऱ्या शीर्षकातील इंटरफेस हा शब्द पहिल्या शीर्षकात ह्यूमन आणि कॉम्प्युटर या दोघांच्या शेजारी आला होता. त्यातील सिस्टिम आणि ईपीएस हे शब्द चौथ्या शीर्षकात ह्यूमनच्या सोबत होते. पाचव्यातील युजर, रिस्पॉन्स आणि टाइम हे तिन्ही शब्द दुसऱ्या शीर्षकात कॉम्प्युटरच्या सोबत होते. शोध आणि उत्तर यांच्यात थेट एकही समान शब्द नव्हता, पण तिसऱ्या कुणाच्या तरी ओळखीतून ते एकमेकांशी जोडले गेले होते, आणि ती ओळख कोणी कोशात लिहून ठेवलेली नव्हती.

मोठ्या संग्रहांवर मात्र यश संमिश्र होते. वैद्यकीय विषयांवरील १,०३३ सारांशांच्या संग्रहात शंभर मिती ठेवून घेतलेल्या चाचणीत साध्या शब्दजुळणीपेक्षा अचूकता १३ टक्क्यांनी वाढली, तर माहितीशास्त्राच्या १,४६० सारांशांच्या संग्रहात कोणताही लाभ दिसला नाही. मिती किती ठेवाव्यात हे अनुभवानेच ठरवावे लागे. मोठ्या तक्त्याचे असे विघटन त्या काळच्या संगणकांना जड होते. शब्दांचा क्रम या पद्धतीला दिसतच नसे, आणि प्रत्येक शब्दाला एकच जागा असल्याने अनेकार्थी शब्द आपल्या सर्व अर्थांच्या मधोमध कुठेतरी बसे. कल्पना योग्य होती, पण सहवासाचे निरीक्षण फार ढोबळ होते.

सहवासातून सदिश

शब्दाचा अर्थ त्याच्या सहवासावरून कळतो हा विचार भाषाशास्त्रात १९५० च्या दशकातच मांडला गेला होता. अमेरिकेत झेलिग हॅरिस यांनी १९५४ मध्ये आणि लंडनमध्ये जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये तो आपापल्या परीने सांगितला. त्याला मोठ्या प्रमाणावर गणिती रूप देण्याचे काम २०१३ मध्ये गूगलमधील टोमास मिकोलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'वर्ड२व्हेक' या प्रणालीने केले. तिने पूर्ण लेखाचा तक्ता बांधला नाही. प्रत्येक शब्दाच्या आजूबाजूचे काही शब्द ओळखण्याचा सराव एका छोट्या न्यूरल नेटवर्ककडून करून घेतला, आणि त्या सरावात शब्दांना मिळालेले आकडे हेच त्यांचे सदिश ठरले. सुमारे शंभर अब्ज शब्दांच्या बातम्यांवरून शिकवलेले त्यांचे सदिश तीनशे आकड्यांचे होते आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक आकडा शून्येतर होता. विरळ सदिशाच्या उलट असलेल्या अशा भरगच्च सदिशाला 'सघन' सदिश म्हणतात, आणि शब्द किंवा मजकूर अशा अवकाशात बसवण्याच्या क्रियेला आणि तिच्या फलितालाही 'एम्बेडिंग' म्हणतात.

तरीही एका शब्दाला एक सदिश ही मर्यादा कायम होती. मराठीतील 'वर' हा शब्द नवरदेवासाठी येतो, देवाने दिलेल्या वरदानासाठी येतो आणि दिशेसाठीही येतो, आणि या तिन्हींना एकच जागा देणे म्हणजे कोणालाच नीट जागा न देणे होय. ही अडचण २०१८ मध्ये गूगलच्याच 'बर्ट' या प्रारूपाने बऱ्याच अंशी दूर केली, कारण त्यात शब्दाचा सदिश पूर्ण वाक्य वाचून ठरतो आणि वाक्य बदलले की तोही बदलतो.

बर्टमुळे दोन वाक्ये एकत्र वाचून त्यांचा अर्थ जुळतो का हे उत्तम रीतीने सांगता येऊ लागले, पण मोठ्या संग्रहातील शोधासाठी ही रीत फारच संथ होती. जर्मनीतील डार्मस्टाट येथील निल्स रायमर्स आणि इरिना गुरेविच यांनी २०१९ मध्ये त्याचा हिशेब मांडला. दहा हजार वाक्यांतून सर्वांत सारखी जोडी शोधायची तर सुमारे पाच कोटी जोड्या वाचाव्या लागतात आणि त्यासाठी त्या वेळच्या एका आधुनिक ग्राफिक्स प्रोसेसरवर सुमारे ६५ तास लागत. बर्टने शब्दांना दिलेल्या सदिशांची सरळ सरासरी काढून वाक्याचा सदिश बनवावा तर निकाल त्याआधीच्या स्थिर शब्द-सदिशांच्या सरासरीपेक्षाही वाईट येत असे, कारण बर्टला कोनाने जवळीक दाखवायला कोणी शिकवलेच नव्हते. म्हणून त्यांनी वाक्यांच्या जोड्या देऊन बर्टला पुन्हा प्रशिक्षण दिले. त्यानंतर प्रत्येक वाक्य एकदाच वाचून त्याचा सदिश साठवायचा आणि पुढे फक्त कोसाइन मोजायचे, एवढेच काम राहिले, आणि ६५ तासांचा वेळ सुमारे पाच सेकंदांवर आला. येथे एक गोष्ट स्पष्ट झाली. कोसाइन स्वतः अर्थ मोजत नाही. ज्या अवकाशाला अर्थ जवळ आणायला शिकवले आहे त्याच अवकाशात कोसाइनला अर्थ येतो.

दोन कोटी दहा लाख उतारे

प्रश्नाचे उत्तर असलेला उतारा शोधण्यासाठी ही शिकवण कशी द्यावी, हे २०२० मध्ये व्लादिमीर कारपुखिन आणि फेसबुकच्या संशोधन विभागातील व अन्य सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांच्या पद्धतीला 'डेन्स पॅसेज रिट्रीव्हल', म्हणजे सघन सदिशांनी उताऱ्यांचा शोध, असे नाव आहे. त्यांनी इंग्रजी विकिपीडियाचे शंभर शब्दांचे एक असे सुमारे दोन कोटी दहा लाख उतारे पाडले आणि दोन स्वतंत्र बर्ट प्रारूपे घेतली. एक प्रश्नाचा सदिश बनवते आणि दुसरे उताऱ्याचा. प्रत्येक सदिशात ७६८ आकडे होते. प्रत्येक आकड्याला चार बाइट धरले तर नुसत्या सदिशांनाच सुमारे ६५ गिगाबाइट जागा लागते. उतारा लहान ठेवण्यामागे कारण होते, कारण पानभर मजकुरातील पाचसहा मुद्दे एकाच सदिशात दाबले तर त्यांतील कोणताच मुद्दा ठळक राहत नाही.

प्रशिक्षणाची युक्ती साधी होती. एका वेळी १२८ प्रश्न आणि त्यांचे १२८ योग्य उतारे प्रारूपासमोर ठेवले जात. प्रत्येक प्रश्नासाठी स्वतःचा उतारा जवळ ओढायचा आणि उरलेल्या १२७ प्रश्नांचे उतारे दूर ढकलायचे. पण असे परके उतारे ओळखणे फार सोपे असते, कारण त्यांचा विषयच वेगळा असतो. म्हणून प्रत्येक प्रश्नासोबत बीएम२५ ने वर आणलेला, शब्द पुष्कळ जुळणारा परंतु उत्तर नसलेला, एक उताराही ठेवला गेला. शब्द जुळणे म्हणजे उत्तर असणे नव्हे हा धडा नव्या पद्धतीला जुन्या पद्धतीच्या चुकांमधूनच मिळाला. जवळीक मोजण्यासाठी त्यांनी लांबीने न भागता नुसता अदिश गुणाकार घेतला आणि त्यांच्या तुलनेत तो कोसाइनपेक्षा सरस ठरला. सदिशांची लांबी आधीच १ करून घेतली तर मात्र दोन्ही मापे एकच होतात, म्हणून नंतरच्या अनेक प्रणालींत हा भेद उरत नाही.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला वाईट माणूस कोण, असा प्रश्न त्यांनी उदाहरणादाखल दिला. उत्तर असलेल्या उताऱ्यात साला बेकर या अभिनेत्याने सॉरॉन या खलनायकाची भूमिका केल्याचे म्हटले आहे. 'वाईट माणूस' आणि 'खलनायक' यांसाठीच्या इंग्रजी शब्दांत एकही अक्षरशः समान नाही, तरी सघन सदिशांना ते एकाच दिशेचे वाटतात. गूगलला विचारल्या गेलेल्या खऱ्या प्रश्नांच्या 'नॅचरल क्वेश्चन्स' या संचावर पहिल्या वीस उताऱ्यांत उत्तर सापडण्याचे प्रमाण बीएम२५ चे ५९.१ टक्के होते, तर नव्या पद्धतीचे ७८.४ टक्के.

त्याच लेखाच्या परिशिष्टात दोन प्रश्न शेजारीशेजारी ठेवले आहेत. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील जलाशय कोणता, या प्रश्नाला बीएम२५ ने इंग्लंड आणि आयर्लंड हे शब्द वारंवार येणारा भलताच उतारा आणला, तर सघन पद्धतीने आयरिश समुद्राविषयीचा उतारा आणला. दुसरा प्रश्न 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेत थोरोस ऑफ मिअर ही भूमिका कोणी केली, असा होता. बीएम२५ ने हे दुर्मिळ नाव जसेच्या तसे पकडून पॉल के या अभिनेत्याचे नाव असलेला उतारा आणला. सघन पद्धतीने मात्र पोल स्वेर हागेन या नॉर्वेच्या दुसऱ्याच अभिनेत्याचा उतारा आणला. एखाद्या अभिनेत्याविषयी विचारले आहे एवढे तिला कळले, कोणत्या हे कळले नाही. ज्या संचात प्रश्न विचारणाऱ्याने उतारा समोर ठेवूनच प्रश्न लिहिले होते, त्या 'स्क्वॉड' संचावरही बीएम२५ पुढे राहिले, कारण तेथे प्रश्नांत उताऱ्यातलेच शब्द उतरले होते.

कोनाची मर्यादा

२०२१ मध्ये नंदन ठाकूर, रायमर्स, गुरेविच आणि सहकाऱ्यांनी वैद्यक, अर्थ, वादविवाद अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील अठरा संच एकत्र करून सघन प्रारूपांची परीक्षा घेतली. अट अशी की त्या क्षेत्राचे प्रशिक्षण प्रारूपाला आधी दिलेले नसावे. अनेक संचांवर बीएम२५ हे जुने सूत्र सघन पद्धतींपेक्षा सरस ठरले. सदिशांनी जी जवळीक शिकलेली असते ती प्रशिक्षणातील मजकुराची असते, आणि अपरिचित क्षेत्रातील शब्दांना त्या अवकाशात स्वतःची पक्की जागा नसते.

या पद्धतीचे अपयश सहज दिसत नाही. शब्दाधारित शोधात एकही शब्द जुळला नाही तर गुण शून्य येतात आणि रिकामी यादी स्वतःच सांगते की येथे काही नाही. सघन अवकाशात प्रत्येक प्रश्नाला कोणता ना कोणता उतारा सर्वांत जवळचा असतोच, म्हणून संग्रहात उत्तर नसतानाही आत्मविश्वासाने भरलेली यादी समोर येते. कोसाइन ०.८ हे एका प्रारूपात गाढ साम्य दर्शवते, तर दुसऱ्या प्रारूपात यादृच्छिक जोड्याही तेवढे गुण मिळवतात, त्यामुळे एका आकड्याची रेघ सर्वत्र ओढता येत नाही. 'हे औषध जेवणानंतर घ्यावे' आणि 'हे औषध जेवणानंतर घेऊ नये' या वाक्यांचा विषय आणि सहवास जवळजवळ एकच असल्याने त्यांचे सदिशही बहुधा जवळजवळच असतात. हे दोष पकडण्याचा खात्रीचा मार्ग जुनाच आहे. त्या संग्रहातील खरे प्रश्न घ्यावेत, प्रत्येकाचा योग्य उतारा माणसाने आधी ठरवून ठेवावा, आणि तो पहिल्या दहा किंवा वीस जागांत येतो का हे मोजावे. त्या प्रश्नांत दुर्मिळ नावांचे, नकाराचे आणि संग्रहात उत्तरच नसलेले प्रश्नही हवेत, अन्यथा चाचणी फक्त गुणच दाखवते.

मराठीसारख्या भाषेत या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. 'माणूस' शोधला तर 'माणसाला' सापडत नाही आणि 'पाणी' शोधले तर 'पाण्यातून' सापडत नाही, कारण विभक्तिप्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलतो, आणि त्यामुळे नुसत्या शब्दजुळणीचा दोष येथे इंग्रजीपेक्षा अधिक बोचतो. पुण्यातील 'एल३क्यूब' या संशोधनगटाने २०२२ मध्ये मराठी वाक्यांसाठी 'महाएसबर्ट' हे प्रारूप प्रसिद्ध केले. ते बनवताना वाक्यजोड्यांचे इंग्रजी संच यंत्राने मराठीत भाषांतरित करून वापरावे लागले, कारण तशा मराठी जोड्या मोठ्या प्रमाणात उपलब्ध नव्हत्या. म्हणजे दोन मराठी वाक्ये किती जवळची हे ठरवण्याचे माप येथे काही अंशी परक्या वाक्यांवरून शिकलेले आहे, आणि गावांची नावे, आडनावे, बोलींतील शब्द यांच्या बाबतीत ते तपासूनच वापरावे लागते.

म्हणूनच आज अनेक गंभीर शोधप्रणाली दोन्ही याद्या मागवतात, एक शब्दसूचीकडून आणि एक सदिशांकडून, आणि दोन्ही क्रम एकत्र करून अंतिम यादी बनवतात. ही तडजोड तात्पुरती वाटू शकते, पण तिचे मूळ नऊ शीर्षकांच्या प्रयोगापर्यंत जाते. इंटरफेस हा शब्द ह्यूमनच्या जवळ आला तो एकदा त्याच्या शेजारी बसला म्हणून. सदिशांचे सारे ज्ञान अशा शेजारातून मिळवलेले आहे. थोरोस ऑफ मिअर या नावाला लिखित मजकुरात पुरेसा शेजारच मिळालेला नव्हता, म्हणून सदिशांना ते ओळखता आले नाही, आणि ज्या शब्दसूचीला अर्थ मुळीच कळत नाही तिनेच ते अक्षर न अक्षर जपून ठेवले होते.